ऑटोकॅड, तीस मशीनची लॅब आणि परीक्षेदिवशी बंद असणारं नेट

टी_स्क्वेअर

नमस्कार मंडळी. मी एका डिप्लोमा कॉलेजात सिव्हिलची कॅड लॅब सांभाळते. लॅबमध्ये 30 मशीन आहेत, सगळीकडे ऑटोकॅड 2024 टाकलेलं आहे आणि मुलं आपापल्या ऑटोडेस्क खात्याने साइन-इन करून काम करतात. खाती खरी आहेत. प्रत्येकाने स्वतःची पडताळणी करून वर्षभराचं विद्यार्थी लायसन्स घेतलंय. तरीही रोजची रडारड चालूच.

सकाळच्या बॅचला प्रत्येक मशीन नव्याने साइन-इन मागतं. ज्यांनी टू-स्टेप लावलंय त्यांना कोड हवा असतो, आणि फोन तर आम्ही लॅबबाहेर ठेवायला लावतो. काही मशीनवर साइन-इनची विंडो उघडते पण आत पांढरंफटक. त्यातल्या बहुतेकांवर ब्राउझरमध्ये गूगल व्यवस्थित उघडतं, एक-दोनवर तेही नाही.

खरी धास्ती आहे ती प्रॅक्टिकल परीक्षेची. त्या दिवशी आमच्याकडे लॅबचं इंटरनेट बंद ठेवतात. एकदा साइन-इन केलं की 30 दिवस नेटशिवाय चालतं असं ऐकलंय. मग आमच्याकडे ते एक रात्रही का टिकत नाही?

भर_दुपारी

ऐकलंय ते बरोबर आहे. मी ऑफिसच्या लॅपटॉपवर साइटवर जाऊन बिनानेट काम करतो, आठवडा-आठवडा काही विचारत नाही. 30 दिवसांत एकदा नेट लावलं की मोजणी परत पहिल्यापासून. तुम्ही परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्या मशीनवर साइन-इन करून ठेवा, साइन-आउट करू नका, संपला विषय.

टी_स्क्वेअर

@भर_दुपारी, तेच करून बघितलं. संध्याकाळी साइन-इन करून मशीन बंद केलं, सकाळी चालू केलं तर पुन्हा साइन-इनची पाटी.

सर्व्हरवाला_काका

टी_स्क्वेअर ताई, उत्तर देण्याआधी तीन गोष्टी सांगा. मशीन रीबूट केल्यावर आधीच्या स्थितीला परत नेणारं काही बसवलंय का, डीप फ्रीझच्या जातीचं? विंडोजचं लॉगिन सगळ्या मुलांना एकच आहे का? आणि नेट चालू करायला ब्राउझरमध्ये कॉलेजच्या पोर्टलवर नाव-पासवर्ड टाकावा लागतो का?

टी_स्क्वेअर

तिन्ही हो. मुलं पेन ड्राइव्हमधून नको ते आणतात म्हणून सगळी मशीन फ्रीझ केलेली आहेत. विंडोजला `student` नावाचं एकच लॉगिन आहे. आणि पोर्टल आहे.

जुगाडू

सोप्पं आहे. परीक्षेच्या दिवशी मशीनची तारीख मागे घ्या. सॉफ्टवेअरला वाटेल अजून 30 दिवस संपलेच नाहीत. आणि तेही नको असेल तर [संपादित]

संपादक

क्रॅकची लिंक काढली आहे. या धाग्यावर अधिकृत लायसन्सबद्दलच बोलू. चर्चा चालू ठेवा.

सर्व्हरवाला_काका

तारखेचं आधी संपवतो. ताईंचे 30 दिवस संपतच नाहीयेत, ते सुरूच होत नाहीयेत. त्यामुळे तारीख मागे नेऊन मिळणार काहीच नाही. उलट नुकसान होईल. साइन-इन सुरक्षित जोडणीवरून होतं, त्या जोडणीच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि मशीनची तारीख त्या दोन तारखांच्या बाहेर गेली की जोडणीच नाकारली जाते. शिवाय घड्याळ मागे गेलेलं लायसन्सची यंत्रणाही ओळखते.

आता मूळ प्रश्न. साइन-इन केल्यावर ऑटोडेस्क त्याची नोंद मशीनवरच ठेवतं. तुमची ओळख विंडोजच्या त्या त्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये जाते, `%LocalAppData%\Autodesk` च्या खाली. लायसन्सचा भाग `AdskLicensingService` नावाची सर्व्हिस बघते, तिच्या फायली `C:\ProgramData` मध्ये असतात. या दोन्ही जागा सी ड्राइव्हवर आहेत, आणि तुमचा सी ड्राइव्ह फ्रीझ आहे. मशीन बंद-चालू झालं की दिवसभराचं सगळं पुसलं जातं. हजेरीच्या रजिस्टरात सही करायची आणि रात्री कुणीतरी ते पानच फाडून टाकायचं, असा हा प्रकार आहे. भर_दुपारींचा लॅपटॉप त्यांच्या एकट्याचा आहे, फ्रीझ नाही, म्हणून त्यांना हे कधी दिसणार नाही.

आणि फ्रीझ काढलं तरी अर्धाच प्रश्न सुटतो. ही 30 दिवसांची सवलत एका माणसाला, त्याने साइन-इन केलेल्या मशीनवर मिळते. लॅबमध्ये एका मशीनवर सकाळी एक, दुपारी दुसरा बसतो, आणि विंडोजचं लॉगिन एकच. दुपारच्या मुलाने आपलं खातं घातलं की सकाळच्याची ओळख गेली. नेट बंद असताना सकाळचा परत आला तर त्याला साइन-इन करता येणार नाही.

टी_स्क्वेअर

हे पहिल्यांदा नीट उलगडलं. यावरून आठवलं, आमच्याकडे एकदा वेगळंच झालं होतं. मुलगा साइन-आउट न करता गेला, मशीन चालूच होतं, पुढच्या बॅचच्या मुलीने ऑटोकॅड उघडलं तर वरच्या कोपऱ्यात त्याचं नाव. ती तशीच काम करत बसली. त्याने घरी लॅपटॉप उघडला तर तुम्ही दुसऱ्या मशीनवर वापरत आहात असा संदेश.

सर्व्हरवाला_काका

बरोबर. एका खात्यावर तीन मशीनपर्यंत सॉफ्टवेअर टाकता येतं, पण एका वेळी वापर एकाच ठिकाणी. म्हणून बॅच संपताना वरच्या नावावर क्लिक करून साइन-आउट करायला लावा, नुसती ऑटोकॅडची विंडो बंद करून ओळख जात नाही. आणि कुणा एका शिक्षकाच्या खात्याने तिसही मशीन उघडायची कल्पना कुणी मांडली तर तिथेच थांबवा. ती चालणारही नाही आणि अटीतही बसत नाही.

प्रथमवर्ष

काका, माझी वेगळी अडचण आहे, इथेच विचारतो. माझी पडताळणीच होत नाहीये. आयकार्डचा फोटो टाकला, नाकारला. परत टाकला, परत नाकारला. फोटो स्पष्ट आहे, सगळं वाचता येतं.

भर_दुपारी

फोटो अंधुक असेल. स्कॅन कर.

टी_स्क्वेअर

@प्रथमवर्ष, आमच्या मुलांचं निम्मं काम मीच करून देते, त्यामुळे सांगू शकते. कागदावर तीन गोष्टी दिसायला लागतात: तुझं पूर्ण नाव, कॉलेजचं नाव आणि चालू वर्षातली तारीख. पुष्कळ कॉलेजांच्या आयकार्डावर तारीखच नसते, किंवा प्रवेशाचं साल तेवढं असतं. आणि नाव तू खात्यात जसं टाकलंस तसंच कागदावर हवं. आपल्याकडे कार्डावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव; खात्यात मुलं नुसतं नाव-आडनाव टाकतात, कधी टोपणनाव. आधी खात्यातलं नाव दुरुस्त कर. मग ऑफिसातून बोनाफाईड घे, त्यावर शैक्षणिक वर्ष आणि दिलेली तारीख दोन्ही असतात. चालू वर्षाची फी पावतीही चालते. नुसतं मराठीत छापलेलं बोनाफाईड असेल तर इंग्रजीत मागून घे.

प्रथमवर्ष

माझ्या कार्डावर खरंच तारीख नाहीये मॅडम. खात्यात नाव पण "सनी" असंच आहे 😅 उद्या ऑफिसात जातो.

नागपूरचा_ड्राफ्ट्समन

इतकी कटकट कशाला? लिब्रेकॅड टाका. लायसन्स नाही, साइन-इन नाही, नेट नाही. आमच्याकडे साइटचे साधे प्लॅन त्यातच होतात.

टी_स्क्वेअर

सरावाला मला चालेल, पण परीक्षेला मुलांना डीडब्ल्यूजी फाइल द्यावी लागते आणि लिब्रेकॅड सेव्ह करतं डीएक्सएफ. शिवाय वर्षभर ऑटोकॅडवर बसवलेला हात परीक्षेच्या तोंडावर कसा बदलणार?

नागपूरचा_ड्राफ्ट्समन

हे मान्य. मला वाटलं फुकट काहीतरी हवंय.

सर्व्हरवाला_काका

पांढऱ्या विंडोकडे येऊ. ताई, जिथे गूगलही उघडत नाही ती मशीन आणि जिथे उघडतं ती, हे दोन वेगळे आजार आहेत.

गूगल न उघडणाऱ्या मशीनवर आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा, सालासकट. घड्याळातली वेळ बरोबर आणि साल मात्र जुनं, असंही असतं. तारीख चुकली असेल तर मदरबोर्डवरचा CR2032 सेल संपलाय. दुरुस्त करून ठेवलेली तारीख मुख्य बटण बंद केल्यावर परत गेली की खात्रीच.

गूगल उघडतं पण साइन-इन पांढरं, तिथे आधी पोर्टलवर लॉगिन झालंय ना ते बघा. ऑटोकॅडच्या छोट्या विंडोत कॉलेजचं पोर्टल उघडू शकत नाही, म्हणून आधी ब्राउझर, मग ऑटोकॅड, हा क्रम ठेवा. तरीही पांढरं असेल तर ब्राउझरमध्ये `https://accounts.autodesk.com` उघडा आणि पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून प्रमाणपत्र बघा. ते कुणी दिलंय या रकान्यात तुमच्या फायरवॉलचं नाव दिसलं, तर फायरवॉल मध्ये बसून सगळी सुरक्षित जोडणी उघडून तपासतोय. ब्राउझरला ते प्रमाणपत्र विश्वासू म्हणून शिकवलेलं असतं, त्यामुळे तो मुकाट चालतो. ऑटोकॅडचं साइन-इन अडतं.

टी_स्क्वेअर

बघून आले. गूगल न उघडणारी दोन मशीन, दोन्हींवर साल चुकलेलं. सेल बदलायला दिलेत. बाकीच्यांवर प्रमाणपत्रात आमच्या फायरवॉलचंच नाव आहे. आता नेटवर्कवाल्या सरांना काय सांगू? ते म्हणतात सगळं उघडंच आहे, काही अडवलेलं नाही.

सर्व्हरवाला_काका

ते खोटं बोलत नाहीयेत. अडवलेलं नाही, पण तपासलं जातंय. त्यांना एवढंच सांगा की ऑटोडेस्कचे पत्ते तपासणीतून वगळा. `*.autodesk.com` पासून सुरुवात करा, पण सगळे पत्ते त्याखाली नाहीत. ऑटोडेस्कने परवानगी द्यायच्या पत्त्यांची पूर्ण यादी दिलेली आहे, ती त्यांच्या हातात द्या. परवानगी आणि तपासणीतून सूट या फायरवॉलमध्ये दोन वेगळ्या जागी असतात. सर पहिल्या जागी बघत असणार.

त्यानंतरही एखादं मशीन हट्ट करत असेल तर ऑटोकॅड बंद करून `%LocalAppData%\Autodesk\Web Services\LoginState.xml` ही फाइल काढा आणि पुन्हा साइन-इन करा. अर्धवट राहिलेली जुनी नोंद त्यात अडकून बसते.

मडगावकर

ही फाइल काढायची युक्ती मीही करतो, पण फ्रीझ असलेल्या लॅबमध्ये तिचा काय उपयोग? तिथे फाइल रोजच नाहीशी होते की.

सर्व्हरवाला_काका

बरोबर पकडलंत. एकच अपवाद: फ्रीझ करण्याआधी मूळ प्रतीवर कुणी साइन-इन करून ठेवलं असेल तर ती शिळी नोंद रोज सकाळी नव्याने उगवते. ताई, एखाद्या मशीनवर रोज एकाच जुन्या विद्यार्थ्याचं नाव दिसतं का?

टी_स्क्वेअर

अय्या हो! मशीन 9 वर. दोन वर्षांपूर्वी पास झालेला मुलगा. आम्ही त्याला भूत म्हणतो.

भर_दुपारी

😂😂

सर्व्हरवाला_काका

भूत उतरवायला फ्रीझ काढा, साइन-आउट करा, ती फाइल काढा, मग फ्रीझ करा.

आता परीक्षा. माझं मत स्पष्ट आहे: सामायिक लॅबमध्ये एकेकाच्या खात्याच्या ऑफलाइन सवलतीवर परीक्षा लावू नये. लॅबला इंटरनेट नसलं तरी आतलं नेटवर्क असतंच ना? मग लायसन्स आतच ठेवा. शिक्षक किंवा लॅबचा आयटी अ‍ॅडमिन म्हणून स्वतःची पडताळणी केलेल्या खात्यातून ऑटोडेस्कच्या शिक्षणाच्या पानावर वर्ग आणि लॅबसाठी नेटवर्क लायसन्स मागता येतं. ते एका मशीनवर बसतं आणि लॅबमधली बाकीची मशीन ऑटोकॅड उघडताना त्याच्याकडून एक जागा मागून घेतात. मुलांना साइन-इनच नाही. फ्रीझनेही काही बिघडत नाही, कारण क्लायंटवर लक्षात ठेवण्यासारखं फक्त सर्व्हरचं नाव, आणि ते मूळ प्रतीतच घालायचं.

मागताना सर्व्हरचं नाव आणि होस्ट आयडी विचारतात. होस्ट आयडी म्हणजे नेटवर्क कार्डाचा 12 अक्षरांचा पत्ता, `ipconfig /all` मध्ये दिसतो. वायफायचा किंवा यूएसबी अडॅप्टरचा देऊ नका, मदरबोर्डवरच्या केबलवाल्या पोर्टचाच द्या. उद्या कुणी ते यूएसबीचं बोंडुक उपसून नेलं की लायसन्स गेलं.

फाइल आली की तिची सुरुवात साधारण अशी दिसते:

```
SERVER LABSRV 0123456789ab
USE_SERVER
VENDOR adskflex port=2080
```

ती नोटपॅडमधून सेव्ह करताना `license.lic.txt` होणार नाही हे बघा. मग सर्व्हरवर ऑटोडेस्कचा नेटवर्क लायसन्स मॅनेजर टाका, LMTOOLS उघडा, Config Services मध्ये `lmgrd.exe`, ही लायसन्स फाइल आणि लॉगची फाइल अशा तीन जागा दाखवा, Use Services आणि Start Server at Power Up ला टिक करा आणि सर्व्हर चालू करा. क्लायंटवर सिस्टीम व्हेरिएबल:

```
setx ADSKFLEX_LICENSE_FILE "@LABSRV" /M
```

रेघोट्या

एक सुचवू? नेटवर्क लायसन्समध्ये बोरो करायची सोय असते. परीक्षेपुरतं प्रत्येक मशीनने लायसन्स काही दिवस उसनं घेऊन ठेवायचं. म्हणजे सर्व्हर बंद पडला तरी निभावेल. आमच्या कंपनीत बाहेरगावी जाताना असंच करतो.

सर्व्हरवाला_काका

लॅपटॉपसाठी उत्तम, इथे मात्र नको. उसन्याची नोंद क्लायंटवर राहते आणि क्लायंट फ्रीझ आहे. रीबूट झालं की मशीन ते विसरणार, पण सर्व्हरच्या हिशेबी ती जागा उसनवारीची मुदत संपेपर्यंत दिलेलीच राहणार. 30 मशीन एकदा बंद-चालू झाली की सर्व्हरवर एकही जागा शिल्लक नाही आणि मशीनवर एकही लायसन्स नाही.

रेघोट्या

बापरे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

टी_स्क्वेअर

मंजुरी आली, फाइल आली, सर्व्हर म्हणून कपाटाशेजारचं एक जुनं मशीन घेतलं. सर्व्हरवर स्टेटस बघितलं तर सगळं UP. पण क्लायंटवर ऑटोकॅड अजूनही साइन-इनच मागतंय. नेटवर्क लायसन्सचा पर्याय कुठे दिसतच नाही.

सर्व्हरवाला_काका

कारण त्या ऑटोकॅडने साइन-इनचा मार्ग एकदा निवडून ठेवलाय. तो पुसावा लागेल. फ्रीझ काढा, cmd अ‍ॅडमिन म्हणून उघडा:

```
cd "C:\Program Files (x86)\Common Files\Autodesk Shared\AdskLicensing\Current\helper"
AdskLicensingInstHelper.exe list
AdskLicensingInstHelper.exe change -pk 001P1 -pv 2024.0.0.F -lm ""
```

`001P1` ही ऑटोकॅड 2024 ची प्रॉडक्ट की. दुसरी आवृत्ती असेल तर `list` मध्ये दिसेल ती घाला. पॉवरशेलमध्ये करू नका, तो शेवटचे रिकामे अवतरण गिळून टाकतो आणि मग काहीच बदलत नाही. यानंतर ऑटोकॅड उघडलं की सुरुवातीचा लायसन्स निवडण्याचा पडदा परत येईल. तिथे नेटवर्क लायसन्स घ्या, सर्व्हरचं नाव LABSRV.

टी_स्क्वेअर

पडदा आला. नाव घातलं. आता लायसन्स मिळत नाही असं म्हणतंय, खाली उणे 15 ने सुरू होणारा आकडा आहे.

भर_दुपारी

जागा संपल्या असतील. 30 पेक्षा जास्त मशीन आहेत का?

सर्व्हरवाला_काका

जागा संपल्या तर उणे 4 येतो. उणे 15 म्हणजे क्लायंट सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही. ताई, क्लायंटवर पॉवरशेलमध्ये हे दोन्ही चालवा आणि TcpTestSucceeded समोर काय येतं ते सांगा:

```
Test-NetConnection LABSRV -Port 27000
Test-NetConnection LABSRV -Port 2080
```

टी_स्क्वेअर

पहिल्याला True. दुसऱ्याला False.

सर्व्हरवाला_काका

मग सापडलं. सर्व्हरच्या विंडोज फायरवॉलमध्ये कुणीतरी 27000 उघडलंय आणि तिथेच थांबलंय. लायसन्स देताना दोन प्रोग्रॅम काम करतात. क्लायंट आधी `lmgrd` कडे जातो, तो 27000 ते 27009 मधल्या एका पोर्टवर बसलेला असतो. तो त्याला ऑटोडेस्कच्या `adskflex` कडे पाठवतो, आणि तो 2080 वर आहे. दुसरं दार बंद असल्याने क्लायंट उंबऱ्यावरून परत येतोय. सर्व्हरवरच बसून स्टेटस बघितलं की फायरवॉल मध्ये येत नाही, म्हणून तिथे UP दिसतं. दोन्ही प्रोग्रॅमना इनबाउंडची परवानगी द्या.

टी_स्क्वेअर

उघडलं!! 2080 ची परवानगी दिली आणि मशीन 1 वर ऑटोकॅड साइन-इन न मागता उघडलं. आता एक-एक करून बाकीच्यांचं फ्रीझ काढून करतेय.

सर्व्हरवाला_काका

शाब्बास. सगळी झाली की खरी चाचणी करा. बाहेरच्या इंटरनेटची केबल काढा, आतल्या स्विचला हात लावू नका, आणि तिसही मशीन रीबूट करून ऑटोकॅड उघडा. परीक्षेच्या दिवशी नेट बंद करणारा माणूस नेमकं काय बंद करतो तेही बघून ठेवा. काही ठिकाणी ते सरळ लॅबचा स्विचच बंद करतात, मग आतलं नेटवर्कही गेलं.

किती जागा वापरात आहेत ते सर्व्हरवरून असं दिसतं:

```
lmutil lmstat -a -c 27000@LABSRV
```

टी_स्क्वेअर

चाचणी केली. पहिल्या फेरीत 30 पैकी 30. मग जेवायला गेलो, आलो तर सगळ्या मशीनवर सर्व्हरशी संपर्क तुटल्याचा संदेश. सर्व्हर मशीन झोपलं होतं. पॉवर सेटिंगमध्ये अर्ध्या तासाने स्लीप. ते बंद केलं. शिवाय मावशी झाडताना रोज त्याच प्लगचं बटण बंद करतात, त्या बटणावर आता चिकटपट्टी आहे.

मडगावकर

हे सगळं वाचून हुरूप आलाय, पण आमचं मेकॅनिकल आहे आणि आम्ही फ्यूजन शिकवतो. त्यालाही हाच सर्व्हर चालेल का?

सर्व्हरवाला_काका

नाही. फ्यूजनला नेटवर्क लायसन्सच नाही, तिथे माणसाचं खातंच लागतं. त्याचा ऑफलाइन मोडही 14 दिवसांचा, आणि ज्या फायली आधी उघडून त्या मशीनवर उतरवलेल्या आहेत त्याच मिळतात. फ्रीझ असलेल्या मशीनवर त्या फायलीही रात्री जातात.

मडगावकर

मग परीक्षा कशी घ्यायची?

सर्व्हरवाला_काका

माझ्या माहितीतला एकच मार्ग आहे आणि तो मला फारसा आवडत नाही. परीक्षेच्या आठवड्यापुरतं फ्रीझ काढा. प्रत्येक बॅचला विंडोजचं वेगळं लॉगिन द्या, `batch_a`, `batch_b` असं, म्हणजे एकाची ओळख दुसऱ्याने पुसली जाणार नाही. मुलाची जागा ठरवून टाका, आदल्या दिवशी त्याच मशीनवर त्याला साइन-इन करायला लावा, ऑफलाइन मोड लावून केबल काढून एकदा उघडून बघा. दुसरा पर्याय म्हणजे नेट पूर्ण बंद न करता फक्त ऑटोडेस्कचे पत्ते चालू ठेवायचे. तांत्रिकदृष्ट्या हे जास्त बरं, पण परीक्षा घेणाऱ्यांना पटवावं लागेल.

मडगावकर

दुसरं पटवणं कठीण. फ्यूजनच्या फायली क्लाउडवर, म्हणजे मुलं एकमेकांना तिथूनच पाठवणार, असं आमच्या विभागप्रमुखांचं म्हणणं. आणि तसं बघितलं तर ते चुकीचं नाही.

रेघोट्या

पहिल्या मार्गात एक शंका. मुलाने आदल्या दिवशी लॅबमध्ये साइन-इन करून ठेवलं आणि रात्री घरी सरावाला स्वतःच्या लॅपटॉपवर फ्यूजन उघडलं, तर सकाळी लॅबचं मशीन त्याला आत घेईल का?

सर्व्हरवाला_काका

लॅबचं मशीन ऑफलाइनच राहिलं तर त्याला घरचं कळायला मार्ग नाही. पण मध्ये क्षणभर जरी नेट लागलं तर खेळ बदलतो. मी यावर परीक्षा लावणार नाही.

मडगावकर

सरावासाठी दोन मशीन रिकामी आहेत. त्यांवर हेच करून बघतो आणि इथे लिहितो.

प्रथमवर्ष

बोनाफाईड टाकलं, खात्यातलं नाव बदललं, पडताळणी झाली! ऑटोकॅड उतरवून घेतोय. 4 जीबी रॅमवर चालेल ना?

भर_दुपारी

चालेल.

नागपूरचा_ड्राफ्ट्समन

चालणार नाही. 2024 ला किमान 8 लागते. तोवर लिब्रेकॅड टाक.

टी_स्क्वेअर

काका, शेवटचं एक. लायसन्स फाइलमध्ये मुदतीची तारीख दिसतेय. ती संपली की काय?

सर्व्हरवाला_काका

उणे 10. त्याच खात्यातून नवी फाइल घ्यायची, जुनीच्या जागी ठेवायची आणि LMTOOLS मध्ये Start/Stop/Reread वर जाऊन ReRead. क्लायंटना हात लावायची गरज नाही. तारीख फाइलीतून बघून लॅबच्या डेड स्टॉक रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सर्व्हरच्या नावासकट. तुमची बदली झाली तर पुढच्या माणसाला निदान कपाटाशेजारचं ते मशीन कशासाठी चालू आहे एवढं तरी कळेल.